एका दिवसाचा उशीर, महिनाभराचा अधिभार

मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशात युनिटचे दर, स्थिर आकार आणि सवलतींची कोष्टके संपली की 'सर्वसाधारण अटी' सुरू होतात. त्यांतच विलंबित देयक अधिभाराची अट असते आणि वर्षानुवर्षे तिची शब्दरचना जवळपास तशीच छापली जात आली आहे. देय तिथीपर्यंत बिल भरले नाही तर थकीत रकमेवर, मागील बाकी धरून, दरमहा किंवा महिन्याच्या भागासाठी १.२५ टक्के अधिभार लागेल. एकूण थकीत बिल ५०० रुपयांपर्यंत असेल तर हा अधिभार किमान ५ रुपये आणि त्याहून अधिक असेल तर किमान १० रुपये असेल, आणि महिन्याचा भाग हिशेबासाठी पूर्ण महिना मानला जाईल. इंदूरच्या घराघरांत ज्याला 'सरचार्ज' म्हणतात, तो एवढ्याच मजकुरातून निघतो.

या अटीविषयी बोलणे निघाले की चर्चा हटकून टक्क्यांवर येते. कुणाला १.२५ टक्के जास्त वाटतात, कुणी ते वर्षाचे पंधरा होतात म्हणून सावकारीचा आरोप करतो, कुणी क्रेडिट कार्डाच्या व्याजाशी तुलना करून 'हे तर काहीच नाही' असे म्हणतो. मला दराविषयी फारसे काही म्हणायचे नाही. पंधरा टक्के हा दर बँकेच्या विनातारण कर्जाच्या आसपासचा आहे, आणि वीज आधी वापरून पैसे नंतर देणाऱ्याने उशिराचे व्याज द्यावे यात अन्याय नाही. आयोगाने हा आकडा उद्या थोडा खाली-वर केला तरी माझा मुद्दा तसाच राहील, कारण तो आहे अटीच्या शेवटच्या चार शब्दांचा: महिन्याचा भाग, पूर्ण महिना.

हिशेब एका साध्या घरापासून सुरू करू. राजेंद्रनगरातल्या एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे बिल २,४०० रुपये आले आणि देय तिथी २० तारीख आहे, असे धरू. बिल २० तारखेला भरले तर अधिभार शून्य. २१ तारखेला भरले तर महिन्याचा एक दिवस उलटला, म्हणजे महिन्याचा भाग सुरू झाला, म्हणजे पूर्ण महिना धरला गेला. अधिभार ३० रुपये. २५ तारखेला भरले तरी ३०, आणि पुढच्या महिन्याच्या १८ तारखेला भरले तरी ३०. एक दिवस उशीर करणारा आणि अठ्ठावीस दिवस उशीर करणारा या अटीच्या नजरेत एकच. मग दुसऱ्या महिन्याचा पहिला दिवस उजाडतो आणि ३० चे एकदम ६० होतात.

आता हेच बिल वडोदऱ्यात नेऊ. दांडिया बाजारात माझे आजोळ आहे आणि तिथली बिले मी पाहत आलो आहे. गुजरात विद्युत नियामक आयोगाच्या दर आदेशानुसार तिथल्या सरकारी वीज कंपन्यांची अट अशी असते: बिलाच्या तारखेपासून दहा दिवसांत, बिलाची तारीख न धरता, पैसे भरले तर कोणताही विलंब आकार नाही, त्यानंतर देय तिथीपासून पैसे भरण्याच्या तारखेपर्यंतच्या काळासाठी वार्षिक १५ टक्के, आणि शेतीच्या ग्राहकांना १२ टक्के. महिन्याला सव्वा टक्का म्हणजे वर्षाला पंधरा टक्के. कागदावर दोन्ही राज्यांचा दर घरगुती ग्राहकासाठी अगदी एक आहे. पण २,४०० रुपयांवर वर्षाला १५ टक्के म्हणजे ३६० रुपये, आणि ३६५ दिवसांनी भागले तर दिवसाला रुपयाला दोन-एक पैसे कमी. म्हणजे एक दिवस उशीर झाल्यास वडोदऱ्यातला ग्राहक साधारण एक रुपया देतो, तर इंदूरचा तीस. तीस दिवस उशीर झाल्यास वडोदऱ्याचे साडेएकोणतीस होतात आणि इंदूरचे तीस; तिथे दोघांत काहीच फरक राहत नाही. सगळा फरक आहे तो लहान उशिरात.

दहा दिवसांची मुदत कमी आहे अशी तक्रार वडोदऱ्याची मंडळी करू शकतात, आणि ती रास्तही आहे. पण मुदत किती द्यावी हा वेगळा प्रश्न, आणि मुदत चुकल्यावर दिवस कसे मोजावेत हा वेगळा. मला इथे दुसराच प्रश्न धरून ठेवायचा आहे.

लहान उशीर करणारा माणूस म्हणजे कोण? ज्याचा पगार किंवा निवृत्तिवेतन देय तिथीनंतर चार-पाच दिवसांनी हातात पडते तो. खासगी नोकरीत, दुकानात, शिकवणीच्या वर्गात काम करणाऱ्यांचा पगार १ तारखेला होतोच असे नाही, आणि बिलाची देय तिथी काही त्यांच्या पगाराकडे पाहून ठरत नाही. ती ठरते त्या भागातल्या मीटर वाचनाच्या वेळापत्रकावर. असा माणूस थकबाकीदार नसतो. तो दर महिन्याला पूर्ण बिल भरतो, फक्त पाच दिवस उशिरा भरतो, कारण त्याआधी त्याच्याकडे पैसे नसतात. त्याला दर महिन्याला ३० रुपये अधिभार लागतो आणि वर्षाकाठी ३६० रुपये जातात. आता दुसरा एक ग्राहक घ्या. त्याने एकच बिल, तेच २,४०० चे, वर्षभर भरलेच नाही आणि बाकीची सगळी वेळेवर भरली. सरळ व्याजाने त्यालाही बारा महिन्यांचे ३६० रुपयेच पडतात. पहिल्याने कंपनीचे २,४०० रुपये महिन्यातून पाच दिवस, म्हणजे वर्षभरात एकूण साठ दिवस वापरले; दुसऱ्याने तेवढेच रुपये तीनशे पासष्ट दिवस वापरले. दंड सारखाच. पाच दिवसांना सव्वा टक्का हा दर वर्षावर मांडला तर तो ९१ टक्क्यांच्या पुढे जातो, आणि पंधरा टक्क्यांवर आक्षेप घेणारे आपण या एक्याण्णवाकडे पाहतही नाही, कारण तो कुठे छापलेला नसतो.

किमान रकमेची अट हा अन्याय आणखी खाली ढकलते. राज्याच्या गृहज्योती योजनेत, मासिक वापर १५० युनिटांच्या आत असलेल्या घराला पहिल्या १०० युनिटांसाठी १०० रुपये पडतात. अशा एका खोलीच्या घराचे बिल साधारण शंभर रुपयांचे. त्यावर सव्वा टक्का म्हणजे सव्वा रुपया. पण किमान अधिभार ५ रुपये. एक दिवसाच्या उशिराला पाच टक्के. हिशेब केला तर दिसते की ४०० रुपयांपर्यंतच्या प्रत्येक बिलावर, आणि ५०० ते ८०० या पट्ट्यातल्या प्रत्येक बिलावर, सव्वा टक्का हा दर प्रत्यक्षात लागतच नाही. तिथे किमान रक्कमच लागते आणि ती नेहमी सव्वा टक्क्याहून जास्त असते. सरकार एका हाताने अनुदान देऊन बिल शंभरावर आणते, आणि त्याच बिलावर चौपट दराचा अधिभार लागतो. रक्कम पाच रुपयांचीच आहे, हे खरे. पण ज्या घरासाठी बिल शंभरावर आणणे गरजेचे वाटले, त्या घराला पाच रुपये किरकोळ आहेत असे त्याच सरकारने म्हणू नये.

या अटीच्या बाजूने जो युक्तिवाद होतो तो असा की, अधिभार हा केवळ व्याज नाही, तो धाक आहे. दिवसाला एक रुपया लागणार असेल तर कोण वेळेवर भरेल? हा युक्तिवाद वरवर पटणारा आहे, म्हणून तो नीट तपासायला हवा. धाक म्हणून ही अट २० तारखेपर्यंत उत्तम काम करते. पण २१ तारीख उजाडली की तिचा धाक संपतो. तीस रुपये तर लागलेच. आता २२ ला भरले काय आणि पुढच्या महिन्याच्या १९ ला भरले काय. उलट शहाणा माणूस असा विचार करील की अधिभार भरायचाच आहे तर महिनाभर पैसे वापरून तरी घ्यावेत. पाच दिवसांत भरू शकणाऱ्याला ही अट तीस दिवस थांबायला शिकवते. रोजच्या हिशेबात मात्र प्रत्येक दिवसाला किंमत असते, त्यामुळे पैसे हातात आल्या दिवशी भरण्याचे कारण शिल्लक राहते. राहिला खरा धाक. तो वीज तोडण्याचा. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे पंधरा पूर्ण दिवसांची लेखी सूचना देऊन पुरवठा बंद करण्याचा अधिकार कंपनीला आहे, आणि त्या एका सूचनेपुढे तीस रुपयांची मातब्बरी कुणालाच वाटत नाही.

दुसरा युक्तिवाद खर्चाचा आहे. उशिरा भरणाऱ्याचा पाठपुरावा करावा लागतो, संदेश पाठवावे लागतात, कर्मचारी फिरवावे लागतात. मान्य. पण तो खर्च २,४०० च्या बिलाला आणि २४,००० च्या बिलाला सारखाच असतो, मग त्याची वसुली टक्क्यांत कशाला? पाठपुराव्याचा म्हणून एक ठरावीक लहान आकार वेगळ्या ओळीत, आणि तोही उशीर आठवडाभराच्या पुढे गेला तरच, लावता येईल. महाराष्ट्रात महावितरणच्या बिलांत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: देय तिथी चुकल्यावर एकदाच लागणारा सव्वा टक्का विलंब आकार, आणि बिलाच्या तारखेपासून साठ दिवस उलटल्यावर सुरू होणारे व्याज, जे आधी १२ टक्क्यांनी आणि नव्वद दिवसांनंतर १५ टक्क्यांनी लागत आले आहे. ही पद्धत निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही, कारण पहिल्या दिवसाचा फटका तिथेही इंदूरइतकाच बसतो. पण तिच्यात एक शहाणपण आहे: उशीर जसा लांबत जातो तसा दर वाढतो. आपल्याकडे उलटे घडते. वर पाहिले तसे, सर्वांत कमी उशिराला सर्वांत महाग दर पडतो.

गंमत अशी की वीज कंपन्या स्वतः उशीर करतात तेव्हा त्यांना हेच शहाणपण लागू होते. केंद्राच्या २०२२ च्या विलंब अधिभार नियमांप्रमाणे, वितरण कंपनीने वीज निर्मात्याचे पैसे वेळेवर दिले नाहीत तर पहिल्या महिन्याला एक आधार दर लागतो. तो स्टेट बँकेच्या एक वर्षाच्या कर्जदरावर पाच टक्के वाढवून ठरतो. पुढे उशिराच्या प्रत्येक महिन्याला त्यात अर्धा टक्का वाढतो, आणि एकूण वाढ आधार दरापेक्षा तीन टक्क्यांच्या वर जात नाही. म्हणजे कंपनीसाठी बाजाराशी बांधलेला, हळूहळू चढणारा आणि वरून मर्यादा असलेला दर. आणि कंपनीच्या ग्राहकासाठी पहिल्याच दिवशी पूर्ण महिना.

यात अनामत रकमेची गोष्ट धरली तर कंपनीची बाजू आणखी लंगडी होते. प्रत्येक ग्राहकाची महिना-दीड महिन्याच्या वापराइतकी सुरक्षा ठेव कंपनीकडे आधीपासून जमा असते. आपल्या उदाहरणातल्या घराची ती तीन-साडेतीन हजारांची असेल. अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे कंपनी त्या ठेवीवर किमान बँक दराने व्याज देते, आणि हा बँक दर गेल्या दोन-तीन वर्षांत पाच ते सात टक्क्यांच्या घरात राहिला आहे. म्हणजे ज्या पाच दिवसांत ग्राहकाकडे कंपनीचे २,४०० रुपये अडकतात, त्याच पाच दिवसांत कंपनीकडे ग्राहकाचे त्याहून जास्त पैसे पडून असतात, आणि तेही वापर वाढला की वाढीव ठेव मागून भरून घेतलेले. ठेवीवरचे व्याज आणि अधिभाराचा दर समान असावेत असे माझे म्हणणे नाही; जोखीम सारखी नसते. पण ज्या देण्यामागे पूर्ण तारण आहे त्या देण्याला पाच दिवसांसाठी ९१ टक्के वार्षिक दर कोणत्या जोखमीपोटी लावायचा, याचे उत्तर अटीत सापडत नाही.

इथवर लहान उशिराची गोष्ट झाली. मोठ्या उशिरात दुसरेच शब्द काम करतात: 'मागील बाकी धरून'. या बाकीत मागच्या महिन्यांचा न भरलेला अधिभार धरायचा की फक्त विजेची मूळ रक्कम, यावर सगळा हिशेब अवलंबून आहे. तो धरला तर अधिभारावर अधिभार चढतो आणि वर्षाचे पंधरा टक्के सोळाच्या किंचित वर जातात. आपल्या २,४०० च्या एका बिलावर वर्षाअखेर ३६० ऐवजी ३८६ रुपये होतात. फरक सव्वीस रुपयांचा; त्यासाठी रान उठवण्याचे कारण नाही, आणि चक्रवाढ म्हणताच घाबरून जाणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. पण पाच वर्षे गेली तर सरळ हिशेबाने १,८०० होणारा अधिभार चक्रवाढीने २,६५० च्या पुढे जातो, म्हणजे मूळ बिलाहून अधिभारच मोठा होतो. जुन्या इंदुरातल्या वाड्यांमध्ये, जिथे भावाभावांच्या वाटणीचा दावा चालू आहे आणि मीटर दिवंगत वडिलांच्या नावावर आहे, तिथे अशी बिले दिसतात. अशा ठिकाणी एक गोष्ट जरूर तपासावी. पुरवठा कायमचा खंडित झाल्यानंतरच्या काळासाठी अधिभार लावता येत नाही, असे आयोगाच्या त्याच अटीत म्हटलेले असते. तात्पुरत्या खंडनाला ही सवलत नाही. म्हणून बंद घराचे मीटर नुसते तोडलेल्या अवस्थेत ठेवण्यापेक्षा लेखी अर्ज देऊन पुरवठा कायमचा खंडित करून घेणे आणि त्याची तारखेची पोच ठेवणे हिताचे असते.

बिलात अधिभाराचा आकडा एका ओळीत येतो, पण तो किती रकमेवर आणि किती महिन्यांसाठी काढला हे बहुधा येत नाही. तपासायचे तर मागचे बिल शेजारी ठेवावे लागते. मागच्या बिलाची न भरलेली रक्कम घ्यावी, तिला सव्वा टक्क्याने गुणावे, आणि छापील अधिभाराशी ताडून पाहावे. जुळले नाही तर एकतर दोन महिने धरले गेले आहेत, किंवा आधीचा अधिभार मूळ रकमेत मिसळला आहे, किंवा भरलेले पैसे उशिरा जमा दाखवले गेले आहेत. ही तिसरी शक्यता अलीकडे वाढली आहे. मोबाइलवरून रात्री उशिरा भरलेले पैसे आपल्या खात्यातून त्याच दिवशी जातात, पण कंपनीच्या नोंदीत दुसऱ्या दिवसाची तारीख पडू शकते. एका दिवसाचा हा घोळ दिवसाच्या हिशेबात एक रुपयाचा असता आणि त्यासाठी कुणी झोन कार्यालयाची पायरी चढले नसते. पूर्ण महिन्याच्या हिशेबात तो तीस रुपयांचा होतो, आणि मोठ्या दुकानाच्या ४०,००० च्या बिलावर ५०० रुपयांचा. एवढ्या रकमेसाठी माणूस अर्ज करतोच, आणि मग त्या अर्जावर कंपनीच्या कर्मचाऱ्याचा जो वेळ जातो त्याची किंमत कुणाच्या हिशेबात येत नाही.

याहून त्रासदायक प्रकार चुकीच्या बिलाचा. मीटर वाचनात आकडा चुकला आणि २,२०० ऐवजी ११,००० चे बिल आले, तर ग्राहक सहसा ते न भरता तक्रार करतो. दुरुस्तीला दोन महिने लागतात. तोवर ११,००० वर दरमहा १३७ रुपये ५० पैसे या हिशेबाने अधिभार चढलेला असतो. बिल दुरुस्त होऊन २,२०० झाले की अधिभारही २,२०० वर नव्याने मोजला गेला पाहिजे, म्हणजे फार तर महिन्याला साडेसत्तावीस. खरे तर चूक कंपनीची असेल तर तोही नको. प्रत्यक्षात मूळ रक्कम कमी होते आणि अधिभार वेगळ्या रकान्यात असल्यामुळे तसाच मागे राहतो, असे घडू शकते, आणि ग्राहक मोठी रक्कम कमी झाल्याच्या समाधानात तिकडे पाहत नाही. यावर कायद्याने एक वाट ठेवली आहे आणि ती फारशी वापरली जात नाही. कलम ५६ च्या परंतुकानुसार, मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत नोंदवून भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. सरासरी भरून टाकल्यावर थकीत रक्कम फक्त वादातली उरते, आणि ती रद्द झाली की तिच्यावरचा अधिभारही रद्द करून मागता येतो. दुरुस्तीच्या अर्जातच 'अधिभारासह' हा शब्द लिहावा. दाद लागली नाही तर विद्युत ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यानंतर विद्युत लोकपाल, या दोन पायऱ्या आहेत.

आता प्रश्न येतो माफीचा, कारण आपल्या राज्यात अधिभार जितक्या नियमाने लागतो तितक्याच नियमाने तो सोडलाही जातो. २०२१ च्या समाधान योजनेत, एक किलोवॅटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनी ऑगस्ट २०२० पर्यंतची स्थगित थकबाकी एकरकमी भरायची ठरवली तर पूर्ण अधिभारच नव्हे, मूळ रकमेतलेही ४० टक्के माफ झाले. ते दिवस साथीचे होते, त्यामुळे त्या माफीबद्दल मी तक्रार करणार नाही. पण नोव्हेंबर २०२५ पासूनच्या समाधान योजनेत पुन्हा तीन महिन्यांहून जुन्या थकबाकीवरच्या अधिभारात, पहिल्या टप्प्यात, ६० ते १०० टक्के सूट मिळाली. मालमत्ता कराचेही तेच. नेशनल लोक अदालतीच्या दिवशी नगर निगमाच्या झोनवर रांगा लागतात, कारण कर आणि अधिभार मिळून ५० हजारांपर्यंतच्या थकबाकीवर अधिभार शंभर टक्के माफ होतो, एक लाखापर्यंत निम्मा आणि त्यापुढे पाव. पन्नास हजारांच्या जरा आत असलेल्याला पूर्ण माफी आणि जरा बाहेर असलेल्याला निम्मी, हा या पायऱ्यांचा विचित्रपणा तर आहेच. पण मला त्याहून लागते ते हे की या माफीच्या दारात पाच दिवस उशिरा भरणारा माणूस कधीच पोहोचत नाही. त्याची थकबाकीच नसते. त्याने दर महिन्याचे तीस रुपये केव्हाच रोख भरलेले असतात, आणि भरलेला अधिभार परत देणारी योजना अजून निघालेली नाही. सूट मिळते ती ज्याने तीन महिने, तीन वर्षे काहीच भरले नाही त्याला.

या दोन गोष्टी एकाच धोरणाच्या दोन बाजू आहेत. अधिभार अवाजवी पद्धतीने मोजला जातो म्हणून तो फुगतो. फुगलेला अधिभार वसूल होत नाही म्हणून तो माफ करावा लागतो. आणि माफी येणार हे ठाऊक असल्यामुळे जुना थकबाकीदार निवांत बसतो. मूळ रकमेवरच, दिवसागणिक आणि सरळ व्याजाने काढलेला अधिभार फुगणार नाही, आणि जो फुगत नाही तो माफ करण्याचे निमित्तही राजकारण्यांना मिळणार नाही. म्हणून मी दिवसाचा हिशेब मागतो तेव्हा माफीच्या योजना बंद करण्याचीही तयारी त्यात धरलेली आहे. एक हवे आणि दुसरे नको, असे म्हणता येणार नाही.

दिवसाचा हिशेब किचकट पडेल, हे कारण आता कुणी पुढे करू नये. घरोघरी दूध घालणारा महिन्यातले खाडे दिवसावर मोजून पैसे कापतो आणि त्याला त्यासाठी संगणक लागत नाही. इंदूरमध्ये तर मोठ्या प्रमाणावर स्मार्ट मीटर बसले आहेत. ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वापराची नोंद ठेवतात, आणि दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली यावर दर बदलण्याची व्यवस्था त्यांच्या भरवशावर केली जाते. युनिट मोजताना अर्धा तास मोजता येतो आणि उशीर मोजताना एक दिवस मोजता येत नाही, हे पटणारे नाही.

एक आक्षेप मात्र मला खरोखर विचार करण्यासारखा वाटतो. लहान उशिरांतून कंपनीला मिळणारे हे उत्पन्न बंद झाले तर ती तूट शेवटी सगळ्यांच्या दरात येईल. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याने उशिरा भरणाऱ्याची सोय का करावी? याचे उत्तर असे की, दिवसाचा हिशेब केल्यावरही उशिरा भरणारा आपल्या उशिराची पूर्ण किंमत, पंधरा टक्के दराने, देतच राहतो. बंद होते ती किमतीच्या वरची कमाई. वेळेवर भरणाऱ्याचे बिल आज त्या कमाईमुळे काही पैशांनी कमी राहत असेलही, पण ती कमाई मुख्यत्वे ज्यांचा पगार उशिरा होतो त्यांच्याकडून येते, आणि तिच्यावर आपला दर स्वस्त ठेवावा असे मागण्याचा हक्क मला, वेळेवर भरणाऱ्याला, आहे असे वाटत नाही.

दर प्रस्तावावर आयोग दरवर्षी हरकती मागवतो आणि जबलपूर, भोपाळ व इंदूर येथे सुनावणी घेतो. तिथे स्थिर आकारावर आणि युनिटच्या दरावर पुष्कळ बोलले जाते. यंदा हरकत लिहिताना सर्वसाधारण अटींचे ते पानही काढावे आणि एवढीच मागणी करावी: 'किंवा महिन्याच्या भागासाठी' हे शब्द गाळावेत, महिन्याचा भाग पूर्ण महिना धरण्याचे वाक्य काढून 'देय तिथीपासून भरण्याच्या तारखेपर्यंतच्या दिवसांसाठी, केवळ विजेच्या मूळ थकीत रकमेवर' असे घालावे, ५०० रुपयांच्या आतल्या बिलांवरची किमान रक्कम रद्द करावी, आणि प्रत्येक बिलावर अधिभाराच्या आकड्याशेजारी ज्या रकमेवर तो काढला ती रक्कम आणि दिवसांची संख्या छापावी.